चष्मा फ्रीजवर आहे हे बाबाला ठाऊक नाही, हे लेकीला का कळत नाही?

जाईची_वेल

गेल्या रविवारची गोष्ट. नवरा आंघोळीला गेला तेव्हा त्याचा चष्मा टीव्हीखालच्या कप्प्यात होता. मी फडकं मारताना तो उचलून फ्रीजवर ठेवला. लेक शेजारीच उभी होती, तिनं मला ठेवताना पाहिलं. बाथरूमची कडी वाजली तशी मी तिला सहज विचारलं, "बाबा आता चष्मा कुठे शोधेल गं?"

"फ्रीजवर."

"पण मी तिथे ठेवला ते बाबाने पाहिलं का?"

"नाही."

"मग?"

"फ्रीजवरच आहे ना!"

नवरा बाहेर आला आणि त्यानं सरळ टीव्हीच्या कप्प्यात हात घातला. लेक हसली नाही, चिडली. "तिथे नाहीये बाबा!" असं ओरडली, जणू तो मुद्दाम चुकीच्या जागी शोधत होता.

मला राहवलं नाही. संध्याकाळी तिच्यासमोर श्रीखंडाचा डबा धरला आणि आत काय असेल म्हणून विचारलं. ती म्हणाली, "खोबरं." बरोबरच आहे, आमच्याकडे त्या डब्यात खोबऱ्याचा कीसच असतो. मग बिस्किटाचा रिकामा पुडा घेतला, तिच्या नकळत त्यात रंगीत खडू भरले आणि तोंड चिकटवलं. आत काय? "बिस्कीट." उघडून दाखवला, खूश झाली. पुडा परत बंद केला आणि विचारलं, "आजी देवळातून येईल, तिने हा पुडा उघडलेला नाही. आत काय आहे असं तिला वाटेल?" उत्तर आलं, "खडू." इथवर ठीक होतं. पुढे मी विचारलं, "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" तर म्हणते, "खडू." दोन मिनिटांपूर्वी तिनं स्वतःच्या तोंडानं बिस्कीट म्हटलं होतं!

लेक ३ वर्षं ८ महिन्यांची आहे. चुरूचुरू बोलते, गाणी पाठ आहेत, कालची गोष्ट आज सांगते. मग हे काय आहे? विसरते, खोटं सांगते, की तिला प्रश्नच कळला नाही? जावेचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला हेच विचारलं तर त्यानं पटकन "बिस्कीट" म्हटलं आणि वर आजीची कशी मज्जा होणार म्हणून टाळ्या पिटल्या.

---

तात्या_कोरेगावकर

ताई, काळजी करू नका. आमच्या डी.एड.च्या काळात पियाजे या मानसशास्त्रज्ञाचं काम शिकवायचे. लहान मूल आत्मकेंद्री असतं, ते जगाकडे फक्त स्वतःच्या जागेवरून बघतं. पियाजेनं टेबलावर तीन डोंगर मांडले आणि समोर बसलेल्या बाहुलीला काय दिसतं ते मुलांना विचारलं. मुलं स्वतःला दिसतं तेच चित्र दाखवायची. सात वर्षांपर्यंत असंच चालतं. दुसऱ्यालाही मन असतं हेच या वयात कळत नाही. शाळेत जाऊ द्या, आपोआप येईल. मी ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय.

---

काजवा

तात्या, तीन डोंगरांचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण "दुसऱ्यालाही मन असतं हेच कळत नाही" हे जरा जास्त झालं. सात वर्षांचा आकडाही पुढच्या कामात टिकला नाही. मी काही वर्षं बालवाड्यांमधून याच चाचण्या घेत हिंडत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे मुलांना फार लवकर कळतं. १९९७ साली रेपाकोली आणि गॉपनिक या दोघींनी बाळांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत खारी बिस्किटं आणि दुसरीत कच्ची ब्रोकोली. बिस्किटं बाळांना आवडायची, ब्रोकोली नाही. प्रयोग घेणारी बाई ब्रोकोली खाऊन "वा!" असा चेहरा करायची, बिस्किटं खाऊन तोंड वाकडं करायची. मग हात पुढे करून "मला दे" म्हणायची. चौदा महिन्यांची बाळं तिला बिस्किटंच द्यायची, अठरा महिन्यांची ब्रोकोली द्यायची. म्हणजे दीड वर्षाच्या पोराला "मला नको, पण हिला हवंय" हे कळतं.

जाईच्या लेकीचं अडतंय ते याच्या पुढच्या पायरीवर. आवड वेगळी असली तर त्यात कोणी चुकत नाही. समजूत मात्र चुकीची असू शकते, आणि माणूस वागतो ते त्या चुकीच्या समजुतीप्रमाणे. चष्मा खरा फ्रीजवर आहे आणि बाबाच्या डोक्यातला चष्मा अजून टीव्हीखाली आहे. हे दोन चष्मे एकाच वेळी मनात धरायचे, आणि बाबाचा हात कुठे जाईल ते खऱ्या चष्म्यावरून नाही, त्याच्या डोक्यातल्या चष्म्यावरून ठरवायचं. ही उडी आहे.

याची मूळ चाचणी १९८३ साली ऑस्ट्रियात विमर आणि पेर्नर यांनी केली. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. आई त्यातलं थोडं केकसाठी घेते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवते. माक्सी परत आला की चॉकलेट कुठे शोधेल? त्यांनी प्रत्येक मुलाला अशा दोन गोष्टी सांगितल्या. तीन ते चार वर्षांच्या गटातल्या एकाही मुलाला दोन्ही वेळा बरोबर सांगता आलं नाही. चार ते सहाच्या गटात निम्म्याहून थोडी जास्त मुलं जमवू शकली.

पुढे जगभर हे इतक्या वेळा करून पाहिलं गेलं की २००१ साली वेलमन आणि सहकाऱ्यांनी १७८ अभ्यास एकत्र मांडले. अडीच वर्षांची मुलं ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा चुकतात. बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्यावर येतं ते साधारण चव्वेचाळिसाव्या महिन्यात. जाई, ३ वर्षं ८ महिने म्हणजे किती महिने ते मोज. तुझी लेक बरोब्बर त्या उंबरठ्यावर उभी आहे. जावेचा मुलगा तिच्याहून दहा महिन्यांनी मोठा आहे, आणि या वयात दहा महिने म्हणजे खूप अंतर.

---

जाईची_वेल

चव्वेचाळीस! बोटांवर दोनदा मोजलं. जीव भांड्यात पडला, काजवाताई. पण "तुला आधी काय वाटलं होतं" याचं काय? ते तर तिचं स्वतःचंच होतं ना?

---

काजवा

हा प्रश्न विचारलास हे फार छान झालं, कारण मला या सगळ्यात तीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

१९८८ साली गॉपनिक आणि अ‍ॅस्टिंग्टन यांनी हेच केलं. चॉकलेटच्या गोळ्यांचा ओळखीचा डबा होता, आत पेन्सिली होत्या. मुलं आधी "गोळ्या" म्हणाली, डबा उघडल्यावर पेन्सिली दिसल्या. मग विचारलं, उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं? तीन वर्षांची बरीचशी मुलं "पेन्सिली" म्हणाली.

विसरले म्हणावं तर तसं नाही. त्यांनी तुलनेसाठी आणखी एक प्रश्न ठेवला होता. खेळण्यातल्या घरात आधी एक वस्तू होती, ती काढून दुसरी ठेवली. आधी घरात काय होतं असं विचारल्यावर तीच मुलं बरोबर सांगत होती. म्हणजे "आधी जगात काय होतं" हे लक्षात राहतं, "आधी माझ्या डोक्यात काय होतं" हे मात्र सांगता येत नाही.

खोटंही नाही ते. या वयाच्या मुलाच्या लेखी "वाटणं" आणि "असणं" यांत अजून फट पडलेली नाही. आत खडू आहेत, तर वाटणार खडूच, आजीलाही आणि दोन मिनिटांपूर्वीच्या मलाही. तुझ्या लेकीला दोन्ही प्रश्नांवर "खडू" म्हणताना मनात काही खटकलं नसणार. आपल्याला स्वतःच्या मनातलं आधी कळतं आणि त्यावरून आपण दुसऱ्याचं ओळखतो अशी आपली धारणा असते. इथे दिसतं ते असं की स्वतःची चुकलेली समजूत आणि दुसऱ्याची चुकलेली समजूत या दोन्ही गोष्टी मुलांना साधारण एकाच सुमाराला कळू लागतात.

श्रीखंडाच्या डब्याचं तू ओळखलंस तेही उत्तम केलंस. घरी करताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. डब्यावर जे लिहिलंय तेच आत असतं असा त्या घरातल्या मुलाचा अनुभव पाहिजे, नाहीतर चाचणी सुरूच होत नाही.

---

घाटवळण

आमचा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे, त्याचा प्रॉब्लेम उलटा आहे. तो सर्रास खोटं बोलतो. काल लाडू खाल्ला, ओठांना बेसन लागलेलं आणि म्हणतो, "मी नाही खाल्ला." कोणी खाल्ला? "मांजराने." आमच्याकडे मांजरच नाही. दोन दिवस टीव्ही बंद केलाय. अजून काय शिक्षा करावी? धागा शिस्तीबद्दलच आहे ना?

---

काजवा

घाटवळण, धागा शिस्तीचा नाही, पण तुमचं उदाहरण इथे चपखल बसतं. "मांजराने खाल्ला" म्हणण्यासाठी आधी हे कळावं लागतं की आईनं पाहिलेलं नाही, तेव्हा तिच्या डोक्यात मी वेगळी गोष्ट घालू शकतो. जाईची लेक अजून ज्या उंबरठ्यावर आहे, तो तुमच्या मुलानं ओलांडलेला दिसतोय.

ओठांवरचं बेसन त्याला का सुचलं नाही, तेही सांगते. तलवार आणि ली यांनी मुलांना एका खेळण्याकडे पाठ करून बसवलं, "वळून बघू नकोस" म्हणून सांगितलं आणि खोलीबाहेर गेले. बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. विचारल्यावर बरीच मुलं "नाही पाहिलं" म्हणाली. मग पुढचा प्रश्न आला: "बरं, कोणतं खेळणं असेल असं तुला वाटतं?" तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी त्या खेळण्याचं नाव सांगून टाकलं! सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना कळत होतं की इथे "माहीत नाही" म्हणायला हवं. पहिलं खोटं सांगायला एक समजूत पुरते. ते टिकवायचं तर "मी पाहिलं नसतं तर मला काय ठाऊक असतं?" हा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो, आणि त्याला आणखी दोन-तीन वर्षं जातात.

शिक्षेचं तुम्ही आईबाप ठरवा. मी असते तर तोंड पुसून दिलं असतं, "मला बेसन दिसतंय ओठाला" म्हटलं असतं, आणि टीव्ही चालू केला असता.

---

शुभंकर_पुणे

हे सगळं जुनं झालंय असं माझं वाचन सांगतं. २००५ साली ओनिशी आणि बायार्जों यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. बाई कलिंगडाची खेळण्यातली फोड एका खोक्यात ठेवते. नंतर तिला दिसत नसताना ती फोड दुसऱ्या खोक्यात जाते. मग बाईनं फोड खरी जिथे आहे त्याच खोक्यात हात घातला, तर बाळं जास्त वेळ टक लावून बघतात. म्हणजे त्यांना आश्चर्य वाटतं, "हिला कसं कळलं?" पंधराव्या महिन्यात हे येत असेल, तर चार वर्षांची अट कुठून आली? तुमच्या चाचणीतले प्रश्नच अवघड आहेत, मुलं नव्हे. खुशाल लिहून टाका की सव्वा वर्षाचं बाळ पास आहे.

---

काजवा

शुभंकर, तो प्रयोग खरा आहे आणि त्यानं या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. पण "लिहून टाका" म्हणण्याइतकं ते पक्कं राहिलेलं नाही. नंतर अनेक प्रयोगशाळांनी बाळांच्या नजरेवरचे असे प्रयोग पुन्हा करून पाहिले, काहींना तेच मिळालं, काहींना मिळालं नाही. बाळ टक लावून बघतंय ते बाईच्या समजुतीमुळे, की "ही बाई मघाशी त्या खोक्याकडे जात होती, आता इकडे कशी" एवढ्या साध्या बदलामुळे, यावर अजून वाद आहे.

"प्रश्नच अवघड" हे मात्र निम्मं खरं आहे. "माक्सी कुठे शोधेल" ऐवजी "माक्सी आधी कुठे शोधेल" असं विचारलं की तीन वर्षांच्या मुलांची उत्तरं सुधारतात. १९९१ साली सीगल आणि बीटी यांनी हे दाखवलं. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रश्न कळला नसता तर मुलांनी अंदाज मारला असता आणि निम्म्या वेळा बरोबर आली असती. अडीच-तीन वर्षांची मुलं अंदाज मारत नाहीत. ती ठाम असतात आणि बहुतेक वेळा खऱ्या जागेवरच बोट ठेवतात. जाईची लेक बाबावर चिडली, ती याच ठामपणातून.

यात आणखी एक धागा आहे, स्वतःला आवरण्याचा. खरी जागा समोर लखलखत असताना ती बाजूला सारून दुसरीकडे बोट दाखवायचं, याला डोक्याला ब्रेक लागतो. ज्या मुलांना "मी सांगेन त्याच्या उलट कर" असले खेळ जमतात, त्यांना ही चाचणीही जास्त जमते. पण दोन्हींतलं कोणतं कशामुळे, ते अजून वादातच आहे.

---

शुभंकर_पुणे

ठाम चुकतात हा मुद्दा मी धरला नव्हता. तरीही मला वाटतं बाळांमध्ये काहीतरी आहे, फक्त ते बोटापर्यंत येत नाही. पटलं नाही तर राहू द्या.

---

मूक_पाऊस

मी इथे फारशी लिहीत नाही. माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर आहे. तो साडेतीन वर्षांचा होईपर्यंत आम्हाला "थांबा, येईल बोलायला" असंच सांगितलं गेलं. आता सहा वर्षांचा आहे, मशीन आहे, शब्द येताहेत. मी काल रात्री हा धागा वाचून माक्सीसारखी चाचणी त्याच्याबरोबर बाहुल्या घेऊन केली. तो दोन्ही वेळा चुकला. बाकी हुशार आहे, आकडेमोड, चित्रं, कोडी सगळं जमतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

---

काजवा

ताई, तुमच्या मुलाच्या बुद्धीविषयी ही चाचणी काही सांगत नाही, हे आधी लिहिते.

१९९५ साली पीटरसन आणि सीगल यांनी ऑस्ट्रेलियात आठ ते तेरा वर्षांच्या कर्णबधिर मुलांची हीच चाचणी घेतली. मुलं हुशार होती, तरी निम्म्याहून जास्त चुकली. ही मुलं ऐकणाऱ्या घरांत जन्मली होती आणि घरात कुणाला खुणांची भाषा नीट येत नव्हती. पण ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि ज्यांना पहिल्या दिवसापासून घरात खुणांची भाषा मिळते, अशी मुलं पुढच्या अभ्यासांत ऐकणाऱ्या मुलांच्याच वयात पास झाली. म्हणजे फरक कानाचा नव्हता, गप्पांचा होता.

"पाणी हवं?", "चल", "हा चेंडू" एवढं हातवाऱ्यांनी भागतं. "काकूला वाटलं तू झोपलायस, म्हणून ती हळू बोलत होती" हे हातवाऱ्यांनी सांगता येत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायला भाषाच लागते, मग ती तोंडाची असो वा हाताची. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि मुलांमुलांतूनच एक नवी खुणांची भाषा जन्मली. तिच्या पहिल्या पिढीकडे "वाटणं", "माहीत असणं" यांच्या खुणा कमी होत्या, आणि ती माणसं मोठी झाल्यावरही अशा चाचणीत अडखळत होती. पुढे त्या खुणा त्यांच्या बोलण्यात आल्या तशी उत्तरं सुधारली. पायर्स आणि सेंघास यांनी हे २००९ साली मांडलं. मोठ्या वयातही वाट बंद होत नाही, हे मला त्यातून सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुमच्या मुलाच्या कानांवर गप्पा पडायला लागून किती काळ झाला, ते मोजा. त्याचं या बाबतीतलं वय तिथून धरा. आणि त्याला खुणांची भाषाही मिळू द्या, तिच्यामुळे बोलणं मागे पडेल ही भीती मनातून काढून टाका.

---

मूक_पाऊस

दोन वर्षं आणि एक महिना.

---

भाषावेडा

काजवाताईंच्या "गप्पा" या शब्दावरून एक सुचलं. आपल्या मराठीत "वाटलं" या भूतकाळी रूपातच चुकल्याची छटा आहे. "मला वाटलं तू आलास" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, तू आलेला नव्हतास. "तो मला डॉक्टर समजत होता" म्हणजे मी डॉक्टर नाही. "मला माहीत होतं" म्हणजे मात्र ते खरंच होतं. मुलं हे रोज ऐकतात. तर मराठी मुलांना हे लवकर जमत असेल का?

---

काजवा

मराठीसाठी मी काही ठाम सांगणार नाही. चिनीत "यीवेइ" हे असंच क्रियापद आहे, त्यात समजूत चुकल्याचा अर्थ भरलेला असतो. प्रश्नात तेच क्रियापद वापरलं तर तिथल्या मुलांना सोपं गेलं, असं १९९९ साली दिसलं. म्हणून घरी विचारताना "बाबाला काय वाटतंय?" आणि "बाबाला काय वाटत असेल बरं?" यांतही फरक पडत असेल. करून बघण्यासारखं आहे.

वाक्याच्या बांधणीचाही भाग आहे. "चष्मा टीव्हीखाली आहे असं बाबाला वाटतंय" या वाक्यात आतलं वाक्य खोटं आहे आणि अख्खं वाक्य खरं आहे. काही अभ्यासकांच्या मते मुलाला ही घडी जमली की तेच शिडीसारखं उपयोगी पडतं. २००३ साली लोमान आणि टोमासेलो यांनी तीन वर्षांच्या मुलांना फसव्या वस्तू दाखवल्या, उदाहरणार्थ फुलासारखं दिसणारं पेन. नुसती वस्तू दाखवून गप्प बसलं तर मुलांमध्ये फारसा फरक पडला नाही. "आधी तुला काय वाटलं? आणि आता काय आहे म्हणतोस?" असं बोलत बोलत दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त फरक पडला.

---

तात्या_कोरेगावकर

काजवाबाई, सात वर्षांचं मी मागे घेतो. पण एक विचारू? हे सगळं परदेशी मुलांवरचं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात दहा माणसं असतात, ती पोरं आधी शिकत नसतील?

---

काजवा

तात्या, २००५ साली कॅलहन आणि सहकाऱ्यांनी कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड अशा पाच ठिकाणी एकच चाचणी केली. पाचही ठिकाणी तीनला बहुतेक चुकतात आणि पाचला बहुतेक बरोबर येतात, असं दिसलं. घरात भावंडं असली की हे थोडं लवकर येतं असं पेर्नर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवलं, पण नंतर सगळीकडे तसं मिळालं नाही. दहा माणसांत मुलाशी "त्याला असं का वाटलं असेल" असं बोलणारं कोण आहे, यावर माझी भिस्त जास्त. पायऱ्यांचा क्रम मात्र थोडा बदलतो. अमेरिकेत मुलांना "तुझं मत वेगळं, माझं वेगळं" हे आधी उमगतं आणि "त्यानं पाहिलं नाही म्हणून त्याला ठाऊक नाही" हे नंतर. चीनमध्ये आणि इराणमध्ये याच्या उलट दिसलं. आपल्या घरांत मुलाचं मत विचारण्यापेक्षा "तुला माहीत आहे का?" जास्त विचारलं जातं, तेव्हा आपला क्रम कोणाशी जुळत असेल याचा मी अनेकदा विचार करते.

---

सोनचाफा_९

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. मी ऐकलंय की ही चाचणी त्यासाठीच असते आणि नापास म्हणजे ऑटिझम. मग जाईताईंनी डॉक्टरांना दाखवायला नको का?

---

काजवा

नको. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी माक्सीसारखीच, पण दोन बाहुल्यांची चाचणी ऑटिझम असलेल्या २० मुलांवर केली, त्यातली १६ चुकली. म्हणून तिला ऑटिझमचं नाव चिकटलं. पण चार बरोबर होती, आणि त्या मुलांचं वय जाईच्या लेकीपेक्षा कितीतरी जास्त होतं. पावणेचार वर्षांत चुकणं हा वयाचा भाग आहे. या एका चाचणीवरून कोणी निदान करत नाही, करूही नये.

कोणाला घरी करून बघायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. समजा, चिंगी बाहुलीनं डब्यात ठेवलेला लाडू तिच्यामागे टोपलीत हलवलाय. मुख्य प्रश्नाआधी "चिंगीने लाडू आधी कुठे ठेवला होता?" आणि "आता कुठे आहे?" हे दोन्ही विचारा. यांपैकी एक जरी चुकलं तर मुलाचं गोष्टीकडे लक्ष नव्हतं, पुढचं उत्तर धरू नका. आणि विचारताना तुमची नजर कुठे जातेय तिकडे लक्ष द्या. आई टोपलीकडे बघत असेल तर मूल टोपलीच म्हणतं. एकदा विचारून काही ठरत नाही, दोनच जागा असताना निम्म्या वेळा नशिबानंही बरोबर येतं.

---

जाईची_वेल

अडीच महिन्यांनी परत आलेय. मधल्या काळात आम्ही फळांच्या आकाराचे साबण आणले, एक अगदी हापूस आंब्यासारखा. लेकीनं तो चाटला, थू थू केलं, आणि मग प्रत्येक पाहुण्याला दाखवत सुटली. "तुम्हाला आंबा वाटला ना? साबण आहे!" गेल्या आठवड्यात बिस्किटाच्या पुड्यात बटणं भरली. आजीला काय वाटेल? "बिस्कीट!" तुला आधी काय वाटलं होतं? थोडी थांबली आणि म्हणाली, "मला पण बिस्कीट वाटलं होतं." मी तिला उचलूनच घेतलं.

पण काल एक नवीनच झालं. नवऱ्यानं गाडीची किल्ली स्वतःच्या हातानं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तो फोन आला म्हणून गॅलरीत गेला. किल्लीला कोणी हात लावला नाही. मी विचारलं, "बाबा किल्ली कुठे शोधेल?" लेक म्हणते, "कपाटात." का गं? "बाबा बाहेर होता ना, त्याला दिसत नाहीये." आता मागे गेलो का आम्ही?

---

काजवा

मागे नाही गेलात! तू जे पाहिलंस ते फॅब्रिशियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये पाहिलंय. माणसाची समजूत चुकीची असताना जी मुलं बरोबर सांगतात, त्यांतलीच काही मुलं समजूत अगदी बरोबर असतानाही "चुकेल" म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की मुलांनी अजून समजूत पकडलेलीच नाही, फक्त एक सोपा नियम पकडलाय: दिसत नाही म्हणजे ठाऊक नाही, ठाऊक नाही म्हणजे चुकणार. तुझ्या लेकीचं वाक्य त्या नियमासारखंच आहे. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की प्रश्नच विचित्र आहे. किल्ली हललीच नाही तर आई का विचारतेय, यात काहीतरी गंमत असणार, म्हणून मूल दुसरी जागा सांगतं. मला पहिलं जास्त पटतं, पण पैज लावणार नाही.

एक कर. पुढच्या वेळी तीन जागा ठेव. बाबा किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून जाईल, तू ती कपाटात हलव, आणि हुकाला हातच लावू नकोस. "चुकणार" एवढंच कळत असेल, तर ती कधी ड्रॉवर म्हणेल, कधी हूक. बाबाच्या डोक्यातली जागा तिला दिसत असेल तर दरवेळी ड्रॉवरच म्हणेल. चार-पाच वेळा कर, वेगवेगळ्या दिवशी, आणि इथे लिही.

---

मूक_पाऊस

आम्ही पण साबण आणलाय, लिंबाचा. काल मुलानं खुणेनं आजोबांना विचारलं, "तुम्हाला लिंबू वाटलं?" वाटण्याची खूण त्यानं शाळेतून आणली, मी त्याला शिकवली नव्हती. तीन जागांचं आम्हीही करून बघतो, उद्या आजोबांच्या काठीवर.